कर घटला आणि तोटा झाला

२० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत जीएसटी परिषदेची बैठक होती. बैठकीआधी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषद घेऊन कंपन्यांवरचा प्राप्तिकर घटवल्याचे जाहीर केले. अधिभार आणि उपकर धरून मोठ्या कंपन्यांना तोवर ३४.९४४ टक्के कर पडत होता. काही सवलती सोडायची तयारी असेल तर तो २५.१६८ टक्क्यांवर येणार होता. शेअर बाजार त्या दिवशी उसळला. कर कमी झाला की कंपनीच्या हाती जास्त नफा उरतो, हे कोणालाही कळते.

पुढच्याच महिन्यात मुंबईच्या अ‍ॅक्सिस बँकेने जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचे निकाल जाहीर केले, तेव्हा तिला ११२ कोटी रुपयांचा तोटा झालेला होता. कारण म्हणून बँकेने नव्या करदराचाच उल्लेख केला. दर घटल्यामुळे २,१३८ कोटींचा एकरकमी बोजा पडला, तो नसता तर २,०२६ कोटींचा नफा झाला असता. आयसीआयसीआय बँकेचेही तसेच झाले. तिने याच कारणासाठी २,९२० कोटींचा बोजा घेतला आणि नफा ६५५ कोटींवर आला.

हा बोजा म्हणून कोणाला एक पैसाही द्यावा लागला नव्हता. तरीही तो खोटा नव्हता. तो कसा आला हे कळण्यासाठी मात्र बँकेपासून सुरुवात करू नये, कारण बँकेचे हिशेब गुंतागुंतीचे असतात. एका यंत्रापासून सुरुवात केली तर सगळा उलगडा होतो.

समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक छोटी खासगी कंपनी आहे. तिने एप्रिल महिन्यात ६० लाख रुपयांचे सीएनसी मशीन घेतले आणि लगेच चालू केले. हे ६० लाख त्याच वर्षाच्या खर्चात टाकता येत नाहीत, कारण मशीन अनेक वर्षे काम करणार आहे. त्याची किंमत घसारा म्हणून वर्षांवर वाटून टाकायची असते. कशी वाटायची, याची उत्तरे मात्र दोन कायदे वेगवेगळी देतात.

कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात अशा सर्वसाधारण यंत्रांचे आयुष्य १५ वर्षे धरले आहे. आपली कंपनी स्थिर हप्ता पद्धत वापरते. शेवटी उरणारी भंगाराची किंमत सोपेपणासाठी सोडून दिली, तर दरवर्षी ४ लाख घसारा पडतो. प्राप्तिकराच्या नियमांनुसार याच यंत्रावर घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने १५ टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी ६० लाखांचे १५ टक्के म्हणजे ९ लाख. उरलेल्या ५१ लाखांचे १५ टक्के म्हणजे दुसऱ्या वर्षी ७ लाख ६५ हजार. असा तो दरवर्षी उतरत जातो. यंत्र वर्षाच्या उत्तरार्धात घेऊन १८० दिवसांपेक्षा कमी वापरले असते, तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळाला असता. म्हणून तर कारखानदार नवे यंत्र ऑक्टोबरच्या आत चालू करायची धडपड करतात.

दोन्ही कायद्यांचे हेतूच निराळे आहेत. कंपनीचे हिशेब भागधारक, कर्ज देणारी बँक, माल पुरवणारे व्यापारी यांच्यासाठी असतात. या वर्षी धंद्यात खरोखर किती कमावले आणि किती झिजले, हे त्यांना कळायला हवे. प्राप्तिकर कायद्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे वाद घालायला जागा न ठेवणारा ठरीव नियम. दुसरी, जिथे सरकारची इच्छा असेल तिथे उत्तेजन, म्हणजे यंत्रे घ्या, सुरुवातीला कर कमी भरा. या दोन हेतूंतून एकाच कंपनीचे एकाच वर्षाचे दोन नफे तयार होतात, आणि दोन्ही कायदेशीर असतात. कराचा नफा काढण्यासाठी वेगळ्या चोपड्या लिहायच्या नसतात. पुस्तकी नफा घ्यायचा आणि त्यात कायदा सांगेल तसे मिळवत व वजा करत जायचे.

आता आपल्या कंपनीचे पहिले वर्ष घेऊ. सगळे खर्च जाऊन पुस्तकी नफा ४६ लाख आहे. या खर्चांत यंत्राचा ४ लाखांचा घसारा आहे. कामगारांना पुढे कधीतरी द्यायच्या ग्रॅच्युइटीसाठी २ लाखांची तरतूद केली आहे, पण ते पैसे अजून कोणाला दिलेले नाहीत, मान्यताप्राप्त निधीतही भरलेले नाहीत. शिवाय एका नियमभंगापोटी १ लाख रुपये दंड भरला आहे.

सीए आकडेमोडीला बसतात. पुस्तकातला ४ लाखांचा घसारा परत मिळवायचा आणि कराचा ९ लाखांचा वजा करायचा. ग्रॅच्युइटीची नुसती तरतूद करासाठी चालत नाही, म्हणून ते २ लाख परत मिळवायचे. कायदा मोडल्याचा दंड धंद्याचा खर्च धरला जात नाही, म्हणून तो १ लाखही मिळवायचा. करपात्र नफा आला ४४ लाख. कराचा दर हिशेबाच्या सोयीसाठी २५ टक्के धरला, तर या वर्षी भरायचा कर ११ लाख.

इथे तीन फरक दिसतात, पण ते एका जातीचे नाहीत. दंडाचा १ लाख कोणत्याच वर्षी वजा मिळणार नाही. तो कायमचा फरक आहे, त्याचे पुढे काही होत नाही. घसाऱ्याचा ५ लाखांचा फरक मात्र फक्त वेळेचा आहे. कराच्या हिशेबात घसारा आधी मिळाला, म्हणून नंतर कमी मिळेल. ग्रॅच्युइटीचे २ लाखही वेळेचेच, पण उलट दिशेचे. आज नाकारले, ज्या वर्षी कामगाराला प्रत्यक्ष पैसे दिले जातील त्या वर्षी मिळतील.

स्थगित कर, म्हणजे सीए मंडळींच्या रोजच्या बोलण्यातला डिफर्ड टॅक्स, या वेळेच्या फरकांवरच लागतो. घसाऱ्यामुळे ५ लाखांवरचा कर पुढे ढकलला गेला, म्हणजे सव्वा लाखाचे देणे उभे राहिले. ग्रॅच्युइटीमुळे २ लाखांवरचा कर आजच भरला गेला, म्हणजे ५० हजारांचे येणे झाले. निव्वळ देणे ७५ हजार. नफा-तोटा पत्रकात आता कराच्या दोन ओळी येतील, चालू कर ११ लाख आणि स्थगित कर ७५ हजार. एकूण पावणेबारा लाख. हे गणित बरोबर आहे का, ते पडताळायची एक सोपी रीत आहे. पुस्तकी नफ्यात फक्त कायमचा फरक मिळवायचा आणि त्यावर दर लावायचा. ४६ अधिक १, ४७ लाखांचे २५ टक्के, बरोबर पावणेबारा लाख. हा ताळा जमला नाही तर कुठेतरी एखादा कायमचा फरक वेळेचा समजला गेला आहे, किंवा उलटे झाले आहे. प्रत्यक्षात बहुतेक चुका याच ठिकाणी सापडतात.

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल. जेवढा कर भरला तेवढाच का लिहू नये? २००१ पर्यंत आपल्या कंपन्या तसेच करत होत्या. त्या वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सचे लेखामानक क्रमांक २२ आले आणि नोंदणीकृत कंपन्यांपासून सुरुवात करून स्थगित कर दाखवणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. काही कंपन्या न्यायालयात गेल्या. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २००७ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात न्यायालयाने हे मानक वैध ठरवले. ज्या वर्षाचे उत्पन्न, त्याच वर्षाच्या खात्यात त्यावरचा कर, हे त्यामागचे तत्त्व.

या तत्त्वाचा उपयोग यंत्राच्या आयुष्यभराचा हिशेब पाहिला की कळतो. ग्रॅच्युइटी आणि दंड बाजूला ठेवू. धंदा दरवर्षी अगदी तेवढाच चालला आणि पुस्तकी नफा दरवर्षी ४६ लाखच आला असे मानू. पहिल्या वर्षी करपात्र नफा ४१ लाख, कर सव्वादहा लाख. दहाव्या वर्षी कराच्या हिशेबातला घसारा उतरून २ लाख ८ हजारांच्या आसपास आलेला असेल, म्हणून करपात्र नफा सुमारे ४७ लाख ९२ हजार आणि कर ११ लाख ९८ हजार. भरलेला कर तेवढाच दाखवला, तर निव्वळ नफा पहिल्या वर्षी ३५ लाख ७५ हजार आणि दहाव्या वर्षी ३४ लाख २ हजार दिसेल. वाचणाऱ्याला वाटेल, कंपनी हळूहळू घसरते आहे. प्रत्यक्षात धंद्यात काडीचाही फरक पडलेला नाही. स्थगित कर धरला की दोन्ही वर्षी एकूण कर साडेअकरा लाख आणि नफा साडेचौतीस लाख येतो. पहिल्या वर्षाच्या जादा दिसणाऱ्या सव्वा लाखाचा लाभांश वाटून टाकण्याचा मोहही मग होत नाही.

दरम्यान ताळेबंदातले देणे कसे हलते, तेही पाहण्यासारखे आहे. पाच वर्षांनंतर पुस्तकात यंत्राची किंमत ४० लाख उरते, कराच्या हिशेबात २६ लाख ६२ हजार. फरक १३ लाख ३८ हजार, त्यावर स्थगित कराचे देणे सुमारे ३ लाख ३४ हजार. सहाव्या वर्षी कराचा घसारा ३ लाख ९९ हजारांवर येतो, म्हणजे पुस्तकी घसाऱ्याच्या किंचित खाली. तिथे शिखर संपते आणि देणे उतरू लागते. चौदाव्या वर्षाच्या शेवटी तर चित्र उलटलेले असते. पुस्तकात ४ लाख आणि कराकडे ६ लाख १७ हजार शिल्लक, म्हणजे आता देण्याच्या जागी येणे उभे राहते.

हे एका यंत्राचे झाले. वाढणारी कंपनी दरवर्षी नवी यंत्रे घेत राहते. जुन्या यंत्रांचे देणे उतरत असते, तेवढ्यात नव्यांचे चढते. एकूण आकडा वर्षानुवर्षे खाली येतच नाही. मग हे देणे खरे म्हणायचे का? हिशेबतज्ज्ञांत यावर खूप वाद झाला आहे. ब्रिटनमध्ये तर २००० पर्यंत, जे देणे नजीकच्या काळात फेडावे लागणार नाही ते ताळेबंदात दाखवायचेच नाही, अशी पद्धत होती. माझ्या मते पूर्ण देणे दाखवणेच योग्य, कारण कंपनी यंत्रे कायम घेत राहील ही व्यवस्थापनाची आशा आहे, आणि आशेवर देणे पुसता येत नाही. पण एक मर्यादा मान्य केली पाहिजे. आपली दोन्ही मानके, जुने २२ आणि मोठ्या कंपन्यांसाठीचे इंड-एएस १२, या रकमेचे आजचे मूल्य काढू देत नाहीत. बारा वर्षांनी द्यायचा रुपया आणि पुढच्या वर्षी द्यायचा रुपया ताळेबंदात सारखाच मोजला जातो. त्यामुळे मोठे जुने देणे असेल, तर त्याचे प्रत्यक्ष ओझे आकड्यापेक्षा हलके असते.

आता येण्याची बाजू. ग्रॅच्युइटी आपण पाहिलीच. बोनस, रजेचा पगार, मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी हे खर्च विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत प्रत्यक्ष भरले तरच त्या वर्षी वजा मिळतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून यात आणखी एक भर पडली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे बिल कायद्याने दिलेल्या मुदतीत चुकते केले नाही, तर ज्या वर्षी पैसे दिले जातील त्याच वर्षी तो खर्च धरला जातो. ही मुदत लेखी करार नसेल तर १५ दिवस आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. ३१ मार्चला मुदत उलटून गेलेली अशी बिले थकलेली असतील, तर त्या खरेदीवरचा कर कंपनी आज भरते आणि पुढच्या वर्षी तेवढा वाचवते. म्हणजे पुन्हा स्थगित कराचे येणे. या नियमानंतर लहान कंपन्यांच्या सीएंकडेही मार्चअखेरीस पुरवठादारांची थकबाकी तपासायचे मोठेच काम आले.

बँकांच्या बाबतीत हे येणे फुगते ते बुडीत कर्जांमुळे. कर्ज थकले की रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेने नफ्यातून तरतूद करायची. प्राप्तिकरात मात्र अशी तरतूद मर्यादेतच वजा मिळते. ती मर्यादा ढोबळमानाने एकूण उत्पन्नाच्या साडेआठ टक्के आणि ग्रामीण शाखांच्या सरासरी कर्जांच्या दहा टक्क्यांपर्यंत. त्यापलीकडची रक्कम मिळते, पण कर्ज पुस्तकातून प्रत्यक्ष निर्लेखित केल्यावर. २०१५ नंतरच्या काही वर्षांत थकलेली कर्जे उघड झाली आणि बँकांनी प्रचंड तरतुदी केल्या. पुस्तकी नफा आटला, कर मात्र त्याहून बऱ्याच मोठ्या नफ्यावर भरावा लागला. जास्त भरलेला कर पुढे वळता होईल म्हणून ताळेबंदात येणे साचत गेले.

समजा, एका बँकेच्या अशा १,००० कोटींच्या तरतुदी अजून कराच्या हिशेबात वजा व्हायच्या आहेत. जुन्या दराने त्या वजा होतील तेव्हा ३४९ कोटी ४४ लाख रुपये कर वाचेल, म्हणून तेवढे येणे लिहिलेले आहे. नवा दर आला. आता त्याच १,००० कोटींवर वाचणार २५१ कोटी ६८ लाख. तरतुदी तेवढ्याच, कर्जदार तेच, पण येणे ९७ कोटी ७६ लाखांनी म्हणजे सुमारे २८ टक्क्यांनी आटले. लेखामानक सांगते की स्थगित कर त्या वेळी लागू झालेल्या दरानेच मोजायचा आणि फरक लगेच नफा-तोट्यात न्यायचा. अ‍ॅक्सिसचे २,१३८ कोटी आणि आयसीआयसीआयचे २,९२० कोटी हेच होते. जुन्या दराने भरलेला कर नव्या दराने परत मिळणार होता. पुढच्या वर्षांचा नफा मात्र कमी दराने कर भरणार असल्याने वाढणार होता, आणि तो लाभ त्या तिमाहीत लिहिता येत नव्हता. ज्या मोठ्या कारखानदार कंपन्यांच्या ताळेबंदात यंत्रांच्या घसाऱ्यामुळे देणे साचले होते, त्यांनी नवा दर स्वीकारला तेव्हा त्यांना उलटा अनुभव आला. त्यांचे देणे एका नोंदीत घटले आणि नफा फुगला. तो फुगवटा पाहून कंपनीचे कारभार सुधारले असे समजणे तेवढेच चुकीचे ठरले असते.

येण्याची खरी जोखीम मात्र दरात नसून वेगळ्याच ठिकाणी आहे. पुढे नफा झाला आणि त्यावर कर लागला, तरच जुना फरक वजा होऊन कर वाचतो. नफाच झाला नाही तर या येण्याची किंमत शून्य. म्हणून मानकांनी अटी घातल्या आहेत. साध्या वेळेच्या फरकांवर येणे लिहायचे तर लेखामानक २२ ला पुढील नफ्याची वाजवी खात्री हवी. कंपनी तोट्यात असून मागचे तोटे पुढे ओढते आहे, अशा वेळी ते जवळपास पूर्ण खात्री मागते, आणि तीही पटण्याजोग्या पुराव्यासह. हातातल्या पक्क्या ऑर्डरी हा पुरावा होऊ शकतो, संचालकांनी तयार केलेले पाच वर्षांचे अंदाजपत्रक सहसा होत नाही. शिवाय धंद्यातला तोटा आठ वर्षेच पुढे नेता येतो. न वापरलेल्या घसाऱ्याला ही मुदत नाही. त्यामुळे तोट्याच्या कंपनीत येणे कशापोटी लिहिले आहे, हे वेगळे पाहावे लागते.

ओळीने तीन-चार वर्षे तोटा आणि दरवर्षी स्थगित कराचे वाढते येणे, हे वार्षिक अहवालात दिसले की तिथे थांबावे. अशा कंपनीत करपूर्व तोटा १०० कोटी असतो आणि करानंतरचा ७५, कारण २५ कोटींचे येणे नफ्याच्या बाजूला धरलेले असते. ते येणे काढून पाहिले की नक्त मालमत्ता किती उरते, हे कागदावर मांडून बघावे. एखाद्या वर्षी लेखापरीक्षक बदलतात किंवा व्यवस्थापन धीर सोडते आणि सगळे येणे एका फटक्यात पुसले जाते. मग बातमी येते की तोटा अचानक दुपटीने वाढला. तो अचानक नसतो, मागच्या वर्षांत लपलेला असतो. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँक म्हणूनच सावध आहे. साचलेल्या तोट्यापोटीचे येणे ती बँकेच्या मूळ भांडवलातून वजा करायला लावते, आणि वेळेच्या फरकांपोटीचेही एका मर्यादेपर्यंतच भांडवलात धरू देते.

नफा असलेल्या कंपनीत उलटा प्रश्न विचारावा. कर २५ टक्के लागायला हवा, मग १२ टक्केच कसा? इंड-एएस पाळणाऱ्या कंपन्यांच्या कराच्या टिपेत याचे उत्तर एका तक्त्यात असते. दराप्रमाणे यायला हवा तो कर वर लिहिलेला असतो, प्रत्यक्ष लिहिलेला कर खाली, आणि मध्ये फरकाची कारणे. या तक्त्यात वेळेचे फरक येत नाहीत, कारण ते स्थगित कराने आधीच भरून निघालेले असतात. उरतात ते कायमचे फरक, करमुक्त उत्पन्न, दरातले बदल, आणि तोट्यापोटी न लिहिलेले किंवा उशिरा लिहिलेले येणे. वेळेच्या फरकांसाठी त्याच टिपेतला स्थगित कराचा तपशील पाहावा, तिथे घसारा, तरतुदी, तोटे असे प्रत्येकाचे वर्षारंभीचे आणि वर्षअखेरचे आकडे दिलेले असतात. आणि सरकारला खरोखर किती पैसे गेले, हे रोख प्रवाह पत्रकातल्या भरलेल्या कराच्या ओळीत सापडते.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सुटसुटीत झाली, पण घटत्या शिल्लकेचा घसारा, दिल्यावरच वजा मिळणारे खर्च आणि बँकांच्या तरतुदींवरची मर्यादा तशीच पुढे आली. शिरोलीतल्या त्या मशीनचे तक्ते त्यामुळे पुन्हा मांडावे लागणार नाहीत. कराचा दर पुन्हा हलला, तर मात्र त्याच दिवशी ते नव्याने गुणावे लागतील.